पाच डॉलरचं वचन: 'आहे'मधून 'पाहिजे' निघतं का?

सांजवेळ
तत्त्वज्ञ जॉन सर्लचा १९६४ चा लेख वाचल्यापासून डोक्यातून जात नाही. जोन्स म्हणतो, "स्मिथ, मी तुला पाच डॉलर देण्याचं वचन देतो." म्हणजे त्याने वचन दिलं. म्हणजे स्वतःवर बंधन घेतलं. म्हणजे तो बांधील आहे. म्हणजे त्याने पाच डॉलर द्यायला हवेत. सुरुवात निव्वळ घटनेने, शेवट कर्तव्याने, आणि मध्ये 'वचन पाळावं' असं नीतितत्त्व कुठेच नाही. मला तरी तत्त्वज्ञ ह्यूमने दाखवलेली 'आहे' आणि 'पाहिजे' यांच्यातली दरी इथे ओलांडलेली दिसते. चूक असेल तर नेमकी कुठल्या पायरीवर?

कोरी_वही
ह्यूमच्या मते वस्तुस्थितीचा नीतीशी संबंधच नाही. त्यामुळे नीतीच्या वादात पुरावे आणणंच व्यर्थ. सर्लने तत्त्व गुपचूप आत घेतलंय, एवढंच.

अक्षरवाट
ह्यूम असं म्हणालेला नाही. १७४० सालच्या त्या छोट्या परिच्छेदात त्याची तक्रार अशी आहे की लेखक देवाबद्दल, माणसांच्या व्यवहारांबद्दल 'आहे-नाही' असं बोलत असतात आणि मग अचानक प्रत्येक वाक्यात 'पाहिजे' येऊ लागतं. हा नवा संबंध आला कुठून, याचं कारण तो मागतो. पुरावे त्याने हद्दपार केलेले नाहीत. विहिरीचं पाणी दूषित आहे हे कळल्याशिवाय 'पिऊ देऊ नका' कसं म्हणणार? फक्त 'लोक आजारी पडू नयेत' हेही सोबत धरावं लागतं.

तत्त्व आत घेतलंय हा तुमचा संशय मात्र योग्य आहे, आणि सर्लच्या टीकाकारांपैकी तत्त्वज्ञ हेअरने ती जागा दाखवली. 'शब्द उच्चारले' इथून 'बंधन घेतलं' इथपर्यंत जाताना आपण वचन देण्याच्या प्रथेचे नियम मान्य करतो. त्या समाजाचा अभ्यास करायला आलेला परका माणूस फक्त नोंद करेल: हे लोक असे शब्द बोलणाऱ्याला बांधील मानतात. त्याच्या वहीत एकही 'पाहिजे' नसेल. 'पाहिजे' हवं तर प्रथेच्या आत उतरावं लागतं, आणि हेअरच्या मते ते उतरणं हीच नैतिक भूमिका.

सांजवेळ
पण परक्याची ही शंका सर्लने लेखातच घेतली आहे. वचन दिलं हे खरं आहे असं मी बाहेरून, अवतरणात घालून नव्हे तर सरळ म्हटलं, की बंधन आलंच. बंधन नसलेलं वचन म्हणजे काय, ते तुम्ही सांगा.

सिंदफणाकाठ
मला यातलं तत्त्वज्ञान येत नाही, आमचं सांगतो. आईवडील ऊसतोडीला जायचे. हंगामाआधी मुकादमाकडून कोयत्यामागे उचल घ्यायची आणि फिटेपर्यंत तोडायचं, असं ठरायचं. एका वर्षी वडील मध्येच आजारी पडले. मुकादम घरी येऊन म्हणाला, "तुम्ही तोंडाने शब्द दिलाय." वडील स्वतःही तेच म्हणायचे. पुढच्या हंगामात दोघं पुन्हा गेले. तुमच्या हिशोबाने त्यांनी जायलाच हवं होतं का? कायदा काय म्हणतो?

कोरी_वही
वेठबिगारीविरुद्ध १९७६ चा कायदा आहे. त्यात बसणारं कर्ज फेडण्याची जबाबदारीच रद्द होते. तुमचं प्रकरण त्यात बसतं का, ते वकिलाला विचारा.

अक्षरवाट
दादा, तुम्ही कायदा विचारलात, पण सांजवेळ यांच्या मांडणीची खरी कसोटी तुमच्या वडिलांच्या शब्दात आहे. शब्द उच्चारले गेले, प्रथा चालू होती, दोन्ही बाजू ती मानत होत्या. म्हणजे सर्लच्या साऱ्या पायऱ्या चढून झाल्या. तरी 'त्यांनी जायलाच हवं होतं' असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

सांजवेळ
सर्लने दोन सोयी ठेवल्या आहेत. शब्द विशिष्ट परिस्थितीत उच्चारले तरच ते वचन ठरतं. आणि 'इतर सारं समान असताना' द्यायला हवेत. आजारपण आलं की ते समान राहत नाही. पोट हातावर असताना दिलेला शब्द मी वचनच मानणार नाही.

अक्षरवाट
मग ती परिस्थिती ठरवणार कोण? मुकादम म्हणेल, मी कुणाच्या मानेवर सुरी ठेवली नव्हती, आणि ते खरंच असेल. तरी ती सक्तीच होती असं तुम्ही म्हणता, तेव्हा गरजेचा असा फायदा घेणं अन्याय्य आहे हे आधीच धरता. म्हणजे मूल्य पाचव्या पायरीवर नाही, पहिल्याच पायरीवर, त्या अटींच्या यादीत आलं.

सांजवेळ
की उलट? गरज, पर्याय नसणं, उचलीची रक्कम या सगळ्या तपासता येणाऱ्या गोष्टी आहेत. त्या पुरत्या पाहिल्यावर 'सक्ती' दिसते. ती आपण वरून चिकटवत नाही.

अक्षरवाट
मुकादमालाही त्याच गोष्टी दिसतात. तो त्याला सोय म्हणतो. हा फरक नुसत्या माहितीने मिटेल असं मला वाटत नाही. तुम्हाला वाटत असेल, तर त्याला अजून कुठली माहिती द्यायची ते सांगा.

सिंदफणाकाठ
मुकादमाला सगळी माहिती होती. तो आमच्याच गल्लीत राहायचा. आणि वडिलांवर कुणी सक्ती केली असं म्हटलेलं त्यांना आजही आवडत नाही. शब्द माझा होता, म्हणतात. त्यांचं चुकलं असं तुम्ही त्यांना सांगाल का?