मूळव्याध म्हणून किती दिवस धकवायचं?

> वय ३८. शौचाला अधूनमधून लाल रक्त पडतं. मूळव्याध आहे म्हणून मलम दिलंय. अमेरिकेत मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ४५ पासून तपासणी सांगतात, मग मी अजून सात वर्षं थांबू का?

नाही. ४५ ची अट कसलाही त्रास नसणाऱ्यांसाठी आहे. तुम्हाला लक्षण आहे.

तिकडे पन्नाशीच्या आतले रुग्ण वाढू लागले. आतड्यातल्या साध्या गाठीचा कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षं लागतात, म्हणजे ती आधीच काढता येते. म्हणून २०२१ मध्ये तिथल्या सरकारी तज्ज्ञगटाने वय ५० वरून ४५ केलं. पण अभिनेता चॅडविक बोसमन ४३ व्या वर्षीच याच आजाराने गेला. त्या वयात लक्षणांवरच लक्ष ठेवावं लागतं.

मूळव्याधीचं रक्त लाल असतं हे खरं, पण गुदाशयातल्या गाठीचंही तसंच दिसू शकतं आणि दोन्ही एकत्रही असू शकतात. बोटाने तपासणी झाली का? (लाजेपायी हीच राहते.) प्रॉक्टोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून छोटी नळी घालून बघताना, आतड्याचा फक्त शेवटचा थोडा भाग दिसतो. सोबत हिमोग्लोबिन आणि शरीरातला लोहाचा साठा दाखवणारं फेरिटिन बघा. पुरुषात लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्या घेऊन भागत नाही, रक्त कुठून जातंय ते शोधावं लागतं. रक्त थांबत नसेल, पोट दुखत असेल किंवा शौचाची सवय काही आठवडे बदललेली असेल तर कोलोनोस्कोपीबद्दल, म्हणजे दुर्बिणीने पूर्ण मोठं आतडं बघण्याबद्दल, स्पष्ट विचारा.

घरात कुणाला हा कर्करोग झाला होता का? समजा वडिलांना ४६ व्या वर्षी कळला, तर लक्षण नसतानाही तुमची तपासणी ३६ ला व्हायला हवी होती.