मदत हवी आहे: हॉकीतल्या पेनल्टी कॉर्नरच्या नोंदींवरून फ्लिकरचा टक्का कसा काढायचा?

नेरूळचा_बाबा:
मुलाच्या क्लबच्या १७ वर्षांखालच्या टीमचे पेनल्टी कॉर्नर, म्हणजे पीसी, मोबाइलवर घेतो आणि शीटमध्ये प्रत्येकाची एक ओळ भरतो: व्हेरिएशन, मारणारा, निकाल. थेट ड्रॅगफ्लिक मारणाऱ्या 'अ'चे २० पैकी ६ गोल. डावीकडे स्लिप, म्हणजे बाजूला सरकवलेला बॉल, घेऊन मारणाऱ्या 'ब'चे ९ पैकी ४. कोच म्हणतात, यापुढे स्लिपच मुख्य. मला पटत नाहीये, पण मुद्दा मांडता येत नाही. आणि बॉल नीट थांबलाच नाही तर तो कॉर्नर कोणाच्या नावावर?

लेफ्ट_आउट:
सोपं आहे. स्टॉप फसलेले काढून टाका. फ्लिकरचा काय दोष?

नेरूळचा_बाबा:
काढून पाहिले. 'अ' १४ पैकी ६, 'ब' ८ पैकी ४. फरक जवळजवळ गेलाच!

जुना_स्टॉपर:
शीटमधून काढू नका हो, फक्त फ्लिकरच्या भागाकारातून वगळा. 'अ'च्या २० पैकी ६ वेळा बॉल थांबलाच नाही, म्हणजे दुखणं बॉल आत ढकलणाऱ्याच्या पुशमध्ये किंवा तो थांबवणाऱ्याच्या स्टॉपमध्ये आहे. त्या दोघांचे रकाने वेगळे करा. शिवाय 'पुकारलेलं' आणि 'झालेलं' असे दोन रकाने हवेत. स्टॉप फसल्यावर कोणीतरी घाईत बाजूला ढकलतो, व्हिडिओत ती स्लिपच दिसते. काय पुकारलं होतं ते मॅच संपल्यावर कॅप्टनला विचारा.

तुमचा खरा मुद्दा मात्र रनरचा, म्हणजे शॉट अडवायला गोलकडून धावत येणाऱ्या डिफेंडरचा आहे. स्लिपवर गोल झाले तेव्हा पहिला रनर कोणावर धावला?

ऐरोली_ताई:
माझ्या मुलीचा गोल अंपायरने उंच म्हणून नाकारला. तो कुठे लिहायचा?

जुना_स्टॉपर:
ताई, तिने हिट मारला असणार. पहिला शॉट हिट असेल तर गोलरेषेवर तो ४६० मिलिमीटरच्या, म्हणजे फळीच्या वर चालत नाही. फ्लिकला ही अट नाही, फक्त तो धोकादायक नको. म्हणून हिट आणि फ्लिक एका रकान्यात घालू नका.

नेरूळचा_बाबा:
क्लिप पुन्हा पाहिल्या. चारपैकी तीन गोलांत रनर सरळ 'अ'च्या अंगावर गेलाय. चौथ्यात तो फ्रेमबाहेर आहे, मी बाजूने घेतो ना.

जुना_स्टॉपर:
मग हेच कोचना दाखवा. 'अ'च्या फ्लिकची धास्ती आहे म्हणून 'ब' मोकळा सापडतो. स्लिप रोजची झाली की रनर थांबेल. पुढच्या वेळी गोलच्या मागून, जमेल तितक्या उंचावरून घ्या. रनरसाठी F रकाना ठेवलात तर हे चालेल:

```
=COUNTIFS(B:B,"स्लिप",F:F,"अ वर",G:G,"गोल")
```

पण ८-९ कॉर्नरवर टक्के सांगू नका. 'अ'चा एक गोल वाढला तर १४ पैकी ७ होतात, दोघं बरोबरीत.

लेफ्ट_आउट:
आणि कॉर्नरवरून पुन्हा कॉर्नर मिळाला तर? मी ते यशच धरतो.

जुना_स्टॉपर:
मी नाही धरत. नवी ओळ, निकालात 'पुन्हा पीसी'.

लेफ्ट_आउट:
डिफेंडरच्या पायावर बॉल मारून मिळवलेला कॉर्नर फुकट कसा?

नेरूळचा_बाबा:
तूर्त वेगळा रकाना ठेवतो. तुमचं ठरलं की सांगा.