कॅन्टीनच्या कचऱ्यासाठी खड्डा: भाचीचं पत्र द्यावं का?

चिपळूणकर मामा: भाची नववीत आहे, चिपळूणजवळच्या शाळेत. तिने मुख्याध्यापकांना लिहिलंय, द्यायच्या आधी बघा जरा.

"मा. मुख्याध्यापक सर, आपल्या कॅन्टीनमधून रोज साधारण 12 किलो ओला कचरा निघतो, आम्ही वजन करून पाहिलं. भाजीची सालं, उष्टं अन्न आणि चहाचा चोथा. तो ग्राउंडमागे टाकतात म्हणून कुत्री येतात. तिथेच 3 फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा मे महिन्यात खणला तर जूनपासून खत करता येईल. आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी."

सुरेखा_वहिनी: पत्र गोड आहे पण शिजवलेलं अन्न खतात चालतच नाही हो, उंदीर होतात आणि वास सुटतो. फक्त सालं टाका म्हणावं.

पातेरा: वहिनींचं अर्धं बरोबर आहे. शिजवलेलं चालतं पण तसंच ओतायचं नाही, उसळीचं पाणी चाळणीतून काढायचं, मिसळीचा तर्रीवाला रस्सा आणि तळणाचं तेल टाकायचंच नाही कारण तेलाचा थर बसला की आत हवा जात नाही. आणि दर थरावर पातेरा, म्हणजे एक बादली कचऱ्याला दोन बादल्या तरी सुका पाला, वरून उष्टं अजिबात दिसता कामा नये. उंदीर त्या उघड्या अन्नाला येतात.

पण माझा खरा आक्षेप खड्ड्यालाच आहे. कोकणात जूनला सुरू करायचा म्हणजे आठवड्याभरात विहीर होईल त्याची! पाणी साचलं की कचरा कुजत नाही, नासतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो. जमिनीच्या वर जांभ्याचे चिरे फटी सोडून रचा आणि वर पत्रा टाका. आपल्याच पुसदच्या नाडेप काकांचं टाकं असंच, भिंतीला भोकं ठेवलेलं, जमिनीवरचं.

सुरेखा_वहिनी: तरी उंदीर चिऱ्यांच्या फटीतूनच आत शिरतील की!

पातेरा: हो, शिरतात. आतून बारीक जाळी लावावी लागते, तरी पूर्ण थांबतील असं नाही सांगत.

विलास_ठाणे: आमच्या सोसायटीने मशीन घेतलं, आज टाका उद्या खत, कसले चिरे आणि कसला पातेरा. शाळेने तेच घ्यावं.

पातेरा: विलासराव, एका दिवसात बाहेर पडतो तो बहुतेक वाळवून दळलेला कचरा असतो. मूठभर घेऊन ओला करून डब्यात ठेवा, दोन-चार दिवसांनी झाकण उघडा, मग सांगा. शिवाय तिने मशीन मागितलेलंच नाही.

विलास_ठाणे: आमच्या झाडांना तरी काही झालं नाही. कुंडीत वास येतो थोडा, ते वेगळं.

बाई_मराठी_शाळा: मी शाळेत शिकवते म्हणून स्पष्ट बोलते. पत्र देऊ नका असं नाही म्हणत पण यात काम कोण करणार ते कुठे लिहिलंय? उत्साह पहिला महिनाभर, मग परीक्षा आली की सगळं शिपाई मामांच्या गळ्यात. आणि मुलांनी उष्ट्यात हात घातला की पालक आमच्याच दारात.

पातेरा: बाई, हे मान्य आहे, म्हणून हिशोब बघा. 12 किलो म्हणजे साधारण 20 लिटर, त्यात पाला 40 लिटर, बसल्यावर रोजचे 30 धरा. तिचा खड्डा साडेसातशे लिटरचा, म्हणजे महिन्याभरात भरला. आणि भरल्यावर त्याला दोन-तीन महिने नुसतं ठेवावं लागतं, अधूनमधून फावड्याने वरखाली करून. एकाच खड्ड्यात रोज ताजं टाकत राहिलात तर खत कधी काढणार? म्हणून तीन टाकी, जमलं तर चार. एकात टाकायचं, बाकीची मुरत ठेवायची. रोजचं काम दहा मिनिटांचं, हातमोजे आणि फावडं घेऊन. पातेरा मात्र उन्हाळ्यातच पोत्यांत भरून कोरड्या जागी ठेवायला हवा, पावसात सुका पाला मिळत नाही आणि सगळे तिथेच अडकतात.

चिपळूणकर मामा: आंब्याचा पाला चालेल? शाळेत तोच भरपूर आहे.

पातेरा: चालेल पण जाड असतो, कुजायला वेळ घेतो, चुरडून टाका. सॉमिलचा भुसा थोडा मिसळला तर उत्तम. तीन-चार दिवसांनी मधे लोखंडी सळई खुपसून बाहेर काढा, गरम लागली म्हणजे काम चालू आहे. थंड आणि चिकट असेल तर पाला कमी पडलाय.

बाई_मराठी_शाळा: सळई वगैरे ठीक आहे हो, पण दिवाळीच्या सुट्टीत कोण बघणार?

पातेरा: सुट्टीत कॅन्टीन बंद म्हणजे नवीन कचरा नाही, वर जाड पाला घालून सोडून द्या, काही होत नाही. घोळ सुट्टीनंतर होतो, कामाच्या पाळीचा कागद कुणीतरी फाडलेला असतो.

बाई_मराठी_शाळा: बघा, आलात ना माझ्याच मुद्द्यावर!

चिपळूणकर मामा: खड्डा खोडून तीन टाकी लिहायला सांगतो तिला. पाळीत कॅन्टीनवाल्या काकांचं नाव पण टाकू का, की ते चिडतील?

बाई_मराठी_शाळा: आधी त्यांना विचारा मग टाका. आमच्याकडे न विचारता टाकलं होतं, काकांनी दुसऱ्या दिवशी चहा बंद केला.