मदत हवी आहे: पेन्शन बंद झाली, पत्र कसं लिहू?

जूनचा_मास्तर
मी निवृत्त जि.प. प्राथमिक शिक्षक. डिसेंबरपासून पेन्शन बंद आहे, आता मार्च उजाडला. खालचं पत्र पाठवायचं आहे, भाषा तपासून द्या. घाई आहे.

"प्रति, मा. शाखा व्यवस्थापक. महोदय, मी अखंड 34 वर्षे ज्ञानदानाचे पवित्र कार्य केले. आज उतारवयात माझी उपासमार होत असून आपण सहानुभूतीपूर्वक विचार करून पेन्शन सुरू करावी ही नम्र विनंती."

नंदिनी_क
हयातीचा दाखला दिला नसणार, काका. नोव्हेंबरात सही राहिली की पुढे पैसे थांबतातच. माझ्या सासऱ्यांचं हेच झालं होतं. मोबाईलवर जीवन प्रमाण करून टाका, पाच मिनिटांचं काम.

जूनचा_मास्तर
करून पाहिलं, ताई. तिथे पीपीओ नंबर, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाचा नंबर मागतात. तो माझ्याकडे नाही.

कंपनीवाला
ईपीएस-95 ची पेन्शन कुणी विचारतं का? आम्हाला महिन्याला हजार रुपये देतात. तुमचं तरी बरं आहे.

टेबल_नंबर_चार
कंपनीवाले, वेगळा धागा काढा.
गुरुजी, पीपीओ नाही म्हणजे तुमची पेन्शन मंजूरच झालेली नाही. मग पैसे कसले येत होते? निवृत्तीची तारीख सांगा, किती महिने पैसे आले ते सांगा, आणि कार्यालयात काय ऐकवतात तेही सांगा. पंचायत समितीच्या लेखा शाखेत माझी 22 वर्षं गेली.

जूनचा_मास्तर
जन्म 1 जून 1966 (आमच्या गावच्या हेडमास्तरांनी सगळ्या वर्गाची हीच तारीख घातली), म्हणून निवृत्ती 31 मे 2024. जून ते नोव्हेंबर पैसे आले, तेही मूळ पेन्शनएवढेच. लिपिक म्हणतो "फाईलला त्रुटी लागलीय". कसली ते सांगत नाही. एकदा एमएससीआयटीचं काहीतरी बोलला.

टेबल_नंबर_चार
आता कळलं. ते तात्पुरतं निवृत्तीवेतन होतं. 1982 च्या निवृत्तीवेतन नियमांत ते सहा महिन्यांपुरतं देतात. जून ते नोव्हेंबर मोजा, बरोबर सहा. हयातीच्या दाखल्याचाही महिना तोच, म्हणून सगळे फसतात. बँकेचा यात काही संबंध नाही, मॅनेजरला पत्र देऊन उपयोग नाही.
एमएससीआयटी कधी पास झालात?

जूनचा_मास्तर
2009.

टेबल_नंबर_चार
मग हेच. ही संगणक परीक्षा पास होण्याची मुदत 31 डिसेंबर 2007 पर्यंत होती. तेव्हापासून पास होईपर्यंतच्या वेतनवाढी अतिप्रदान, म्हणजे जादा दिलेल्या, ठरवल्या असणार. वसुलीचा आकडा ठरेना म्हणून प्रस्ताव पडून आहे.

वकीलसाहेब_नाही
एक पैसा भरू नका! रफिक मसीह, सर्वोच्च न्यायालय, 2014. वर्ग 3 च्या आणि निवृत्त कर्मचाऱ्याकडून वसुली करता येत नाही. थेट हायकोर्ट गाठा.

टेबल_नंबर_चार
अर्धंच सांगताय. 2016 साली जगदेव सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटलंय की जादा पैसे परत करीन असं वचनपत्र दिलं असेल तर वसुली होते. वेतननिश्चितीच्या वेळी विकल्पासोबत अशा कागदावर सह्या घेतात. गुरुजी, तुम्ही केलीय?

जूनचा_मास्तर
सहाव्या आणि सातव्या आयोगाच्या वेळी गठ्ठ्यावर सह्या केल्या. वाचतंय कोण!

वकीलसाहेब_नाही
पण वर्ग 3 चा मुद्दा उरतोच की. जगदेव सिंग हे न्यायाधीशांचं प्रकरण होतं.

टेबल_नंबर_चार
तो वाद वकिलाकडे घाला. आधी पत्र. ज्ञानदान काढा, उपासमारही काढा. लिपिक तारीख शोधतो, त्याला तारीख द्या. मी असं लिहीन:

"प्रति, मा. गटशिक्षणाधिकारी. विषय: सेवानिवृत्ती प्रकरण प्रलंबित असल्याबाबत. मी दि. 31/05/2024 रोजी नियत वयोमानाने सेवानिवृत्त झालो. जून ते नोव्हेंबर 2024 तात्पुरते निवृत्तीवेतन मिळाले, डिसेंबरपासून काहीही मिळालेले नाही. (1) माझ्या प्रस्तावातील त्रुटी लेखी कळवावी. (2) प्रस्ताव सध्या कोणाकडे आहे तो जावक क्रमांक व दिनांकासह कळवावा. (3) अंतिम मंजुरीपर्यंत तात्पुरत्या निवृत्तीवेतनास मुदतवाढ द्यावी. प्रत: मुख्य लेखा व वित्त अधिकारी, जिल्हा परिषद."

वसुलीबद्दल एक शब्द लिहू नका, आकडा लेखी येऊ दे. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का घेऊनच परत या. मुदतवाढ आमच्याकडे दिली होती, तुमच्याकडे साहेबांवर आहे.

नंदिनी_क
त्यापेक्षा माहिती अधिकार टाका. तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं.

टेबल_नंबर_चार
टाका, पण पत्राची पोच हातात आल्यावर. नाहीतर माहिती मागणार कशाची? पेन्शन अदालतीतही पोचेशिवाय कोणी ऐकत नाही.

जूनचा_मास्तर
आज देऊन आलो. शिक्का मिळाला. लिपिकाने पत्र दोनदा वाचलं आणि विचारलं, "कुणी लिहून दिलं?" मी म्हटलं, शिक्षक आहे मी. ते वचनपत्र कुठे सापडेल?

टेबल_नंबर_चार
सेवापुस्तकातच चिकटवलेलं असतं, वेतननिश्चितीच्या पानाजवळ. साक्षांकित प्रत मागा. सही कुठल्या वर्षाची निघते त्यावर पुढचं बोलू.