ड्रेनेज, रस्ता, बाग: नगरसेवकाला कसं गाठायचं

> ‘गल्लीत ड्रेनेज तुंबलंय, नगरसेवकाला फोन करून आठ दिवस झाले, आता काय करायचं?’

नुसत्या फोनवर राहू नका हो. तुंबलेलं चेंबर साफ करणं हे महापालिकेच्या झोन ऑफिसचं काम, नगरसेवक फक्त मागं लागतो. आमच्याकडं असंच झालेलं, पाणी पार दारापर्यंत. मग साध्या कागदावर अर्ज लिहिला, कुठल्या घरासमोरचं चेंबर, किती दिवस, दोन फोटो, आणि झोनला देऊन आवक नंबर न् शिक्का घेतला, त्याची झेरॉक्स नगरसेवकाच्या घरी सकाळीच नेऊन दिली, कारण दहानंतर माणूस सापडत नाही. त्यांनी तिथूनच ज्युनिअर इंजिनिअरला नंबर वाचून दाखवला, दुसऱ्या दिवशी जेटिंगची गाडी आली.

पण चार दिवसांनी परत तुंबलं तर समजायचं लाईनच खचलीय किंवा पाईप लहान पडतोय, तिथं गाडी बोलवून उपयोग नाही. नवीन लाईनला एस्टिमेट, मंजुरी, टेंडर लागतं, ते रेटायला मात्र नगरसेवकच पाहिजे. रस्त्याचंही तसंच, खड्डा झोन बुजवतं, अख्खा रस्ता बजेटमधून. बागेचा अर्ज उद्यान विभागाला.

आणि आपल्याकडं एका प्रभागात बहुतेक चार नगरसेवक असतात, चौघांनाही कॉपी द्या, नाहीतर ‘तो भाग त्यांच्याकडं’ ऐकत बसाल.