सरांकडे इंटर्नशिपसाठी ओळख मागायची आहे, मेल कसा लिहू?

मुक्ता_मेक
मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गेल्या सत्रात सरांच्या प्रयोगशाळेत बेअरिंगच्या कंपनांवर प्रकल्प केला. सरांचे बरेच जुने विद्यार्थी कंपन्यांमध्ये यंत्रांच्या देखरेखीचं काम करतात, त्यांच्यापैकी कुणाशी तरी ओळख करून द्या, अशी विनंती करायची आहे. आत्तापर्यंत एवढंच लिहून झालंय: 'आदरणीय सर, मला सुट्टीत इंटर्नशिप करायची आहे. आपल्या ओळखीत कुठे संधी असल्यास कृपया कळवावे. सोबत रेझ्युमे जोडला आहे.' एवढ्यावर पाठवू का?

धडपड्या
मेलच्या भानगडीत पडूच नकोस, सरळ केबिनमध्ये जाऊन भेट. मेल कोण वाचतं? आणि शिफारसपत्र त्याच भेटीत मागून घे, त्यावर सही-शिक्का असला की झालं.

मुक्ता_मेक
शिफारसपत्र नकोय मला. कुणाशी बोलावं तेवढं हवंय.

जुना_देखभालवाला
मी कारखान्यात देखभाल विभागात आहे. प्राध्यापकांकडून आलेले असे मेल दरवर्षी माझ्याकडे येतात, म्हणून पलीकडच्या बाजूने सांगतो.

तुझ्या मसुद्यात सगळं काम सरांवर पडतं. कुणाला विचारायचं, काय सांगायचं, तुला नक्की काय येतं, हे सगळं त्यांनीच ठरवायचं. सर मनाने कितीही चांगले असले तरी असा मेल 'नंतर बघू'मध्ये जातो. भेट जरूर घे, धडपड्यांचं तेवढं बरोबर आहे. पण भेटीनंतरही सरांना कुणाला तरी काहीतरी पाठवावंच लागेल, आणि तो मजकूर तू लिहून द्यायचास.

म्हणजे दोन मेल. पहिला सरांना, तीन-चार ओळींचा: कुठल्या प्रकारचं काम हवंय, किती आठवडे, आणि 'आपल्याला योग्य वाटल्यासच' हे मनापासून. दुसरा वेगळा, सरांनी जसाच्या तसा पुढे ढकलावा असा. तो वाचणाऱ्याला तू कोण हे माहीत नसतं, त्यामुळे 'आपल्या प्रयोगशाळेत', 'मागे बोललो तसं' असलं त्यात काही नको. सर बहुधा आधी त्या माणसाला 'बोलशील का?' विचारतील आणि हो आल्यावरच तुम्हाला जोडून देतील. त्याचा होकार त्या आठ-दहा ओळींवरच ठरतो.

प्रकल्पात नक्की काय केलंस ते सांग, त्यातूनच मजकूर निघेल.

मुक्ता_मेक
६२०५ बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगवर मुद्दाम ओरखडा पाडला होता. शाफ्ट मिनिटाला १८०० फेऱ्यांवर. गणिताने दोषाची वारंवारता १०७ हर्ट्झच्या आसपास येते, पण साध्या एफएफटीत तिथे काही ठळक उठलं नाही. एन्व्हलप काढल्यावर तिथे आणि तिच्या दुपटीला शिखरं स्पष्ट दिसली. कोड पायथनमध्ये मीच लिहिला.

जुना_देखभालवाला
अगं, हेच लिही! 'कंपन विश्लेषणात रस आहे' असं सगळेच लिहितात. साध्या एफएफटीत दिसलं नाही म्हणून पुढे काय केलं, हे वाचलं की मी फोन उचलतो. मजकूर साधारण असा:

'मी मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. ६२०५ बेअरिंगच्या बाहेरच्या रिंगमधला दोष कंपनांवरून शोधण्याचा प्रकल्प केला; साध्या एफएफटीत तो दिसला नाही, एन्व्हलप स्पेक्ट्रममध्ये मिळाला. पायथन कोड माझा आहे. सुट्टीत आठ आठवडे चालू यंत्रांच्या मोजमापावर काम करायची इच्छा आहे. आपल्या विभागात अशी गरज असते का, हे समजून घ्यायला पंधरा मिनिटं बोलता येईल का?'

शेवटचं वाक्य बघ. नोकरी मागितली की माणूस एचआरकडे बोट दाखवतो, बोलायला वेळ मागितला की निदान उत्तर तरी देतो. ओळख झाली की त्याच दिवशी उत्तर दे, आणि सरांचे आभार मानून त्यांना बीसीसीत टाक.

नीलकमळ
सरांना सीसीतच राहू दे की. समोरच्यावर जरा वजन राहतं.

जुना_देखभालवाला
वजन राहतं, पण पुढच्या तारखा-वेळांचे सगळे मेलही सरांच्या माथी येतात. काय झालं ते शेवटी एका ओळीत कळवायचं, मग नकार का असेना. ते न कळवणाऱ्यांसाठी प्राध्यापक पुन्हा शब्द टाकत नाहीत.

कोरीपाटी
माझ्या मॅडम 'बघते' म्हणाल्या आणि महिना गेला. मी नापास झाले होते एका विषयात, त्यामुळे असेल का? परत विचारू का?

जुना_देखभालवाला
कारण मला इथून कसं कळणार? एकदा आठवण करा, सोबत तयार मजकूर द्या. तरीही काही आलं नाही तर तो नकार समजा. एखाद्याबद्दल खात्री नसली की पुष्कळ प्राध्यापक 'नाही' म्हणत नाहीत, गप्प राहतात.

मुक्ता_मेक
काल दोन्ही मेल पाठवले, आज सरांचं उत्तर आलं. दोन जणांना विचारतो म्हणाले. पण आमच्या प्लेसमेंट सेलने त्यातल्याच एका कंपनीसाठी अर्ज मागवलेत. तिथेही अर्ज भरू, की सरांचं उत्तर येईपर्यंत थांबू?

जुना_देखभालवाला
भर, पण आधी सरांना सांग. एकाच विभागात दोन वाटांनी नाव गेलं आणि सरांना ते तिकडून कळलं, तर त्यांना अवघड होतं.

नीलकमळ
आमच्याकडे सेलमधून अर्ज केला की बाहेरून बोलायला बंदी होती. तुमच्या सेलचा नियम आधी बघ.

मुक्ता_मेक
तो माहीत नाही. उद्या सेलमध्ये विचारते, मगच सरांना लिहिते.