विषय: मुलाखतीच्या लेखनातली वेळ व्हिडिओशी जुळत नाही

प्रेषक: अनघा

सर्वांना नमस्कार,

ज्येष्ठ सभासदांच्या मुलाखतींपैकी पहिलीचं लेखन पूर्ण झालं, पण वेळांचा घोळ सुटत नाहीये. मुलाखत बरोबर तासाभराची आहे. पहिली पंचवीस मिनिटं लेखनातली वेळ आणि प्लेअरमधली वेळ तंतोतंत जुळते. मग लेखन मागे पडत जातं. प्लेअरमध्ये 35:00 ला असलेलं वाक्य लेखनात 33:00 ला आहे, 45:00 चं वाक्य 41:00 ला. त्यानंतर शेवटपर्यंत फरक चार मिनिटांचाच राहतो, वाढत नाही की कमी होत नाही.

लेखन करणाऱ्या तिघांनी प्रत्येक वाक्य सुरू होताना पडद्यावर दिसणारा फ्रेमचा क्रमांक टिपला होता. फोनच्या सेटिंगमध्ये 30 फ्रेम असं होतं, म्हणून मी तक्त्यात प्रत्येक क्रमांकाला 30 ने भागून सेकंद काढले. तक्ता तीनदा तपासला. तिघांनीही मनापासून काम केलंय, आणि आता ते सगळं परत करा असं सांगायला माझी जीभ रेटत नाही.

अनघा

प्रेषक: मंदार

अनघा, फाइल मी तपासली.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries stream=r_frame_rate,avg_frame_rate -of default=nw=1 mulakhat1.mp4
r_frame_rate=30/1
avg_frame_rate=28/1
```

व्हिडिओ 30 चा नाहीच, 28 चा आहे. 30 च्या जागी 28 ने भाग, काम झालं.

मंदार

प्रेषक: सुहासकाका

माझ्याकडेही हेच झालं होतं! मोठ्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या कार्यक्रमाचं लेखन आलं, तर पहिलंच वाक्य 01:00:00:00 ला. वर तासाच्या शेवटी साडेतीन-चार सेकंदांची तूट. मी सगळ्या वेळांतून एक तास वजा केला आणि उरलेलं सोडून दिलं. तसंच करून बघ.

प्रेषक: अनघा

मंदार, 28 ने भागलं. शेवटचं वाक्य 60:00 ला आलं, अगदी बरोबर, आणि मी खूश झाले. पण सुरुवात बिघडली. दहाव्या मिनिटाचं वाक्य आता 10:43 ला दिसतंय, पंचविसाव्याचं 26:47 ला. आणि पंचेचाळिसाव्याचं उलट मागे, 43:56 ला. आधी निदान पंचवीस मिनिटं तरी जुळत होती.

प्रेषक: विद्याताई

अनघा, पंचविसाव्या मिनिटाला खोलीतले दिवे मालवले होते का? मला आठवतं त्याप्रमाणे तेव्हा जुने फोटो पडद्यावर दाखवायला सुरुवात झाली होती.

प्रेषक: अनघा

हो ताई! फोटो वीस मिनिटं चालले. 45:00 ला दिवे परत लावले.

प्रेषक: विद्याताई

मग सगळा हिशेब लागतो. अंधार झाला की फोनला एकेका फ्रेमसाठी जास्त वेळ उजेड गोळा करावा लागतो. सेकंदाच्या तिसाव्या भागात ते भागत नाही, म्हणून तो सेकंदाला 30 ऐवजी 24 च फ्रेम घेतो. उजेड आला की परत 30. फाइलमध्ये मात्र प्रत्येक फ्रेमसोबत ती कधी दाखवायची याची वेळ लिहिलेली असते. प्लेअर तीच वेळ वाचतो, फ्रेम मोजत बसत नाही. म्हणून प्लेअर बरोबर आहे आणि आवाजही त्याच्याशी जुळतो.

आता आकडे बघ. अंधाराच्या वीस मिनिटांत, म्हणजे 1200 सेकंदांत, 24 च्या वेगाने 28,800 फ्रेम झाल्या. त्यांना 30 ने भागलं की 960 सेकंद येतात, म्हणजे सोळा मिनिटं. तुझी चार मिनिटं इथे गेली. दिवे लागल्यावर वेग परत 30 झाला, म्हणून फरक तिथेच थांबला.

मंदारने शोधलेला 28 हा आकडा खरा आहे, पण ती सरासरी आहे: 1,00,800 फ्रेम भागिले 3600 सेकंद. सरासरीने भागलं की शेवट जुळणारच, कारण ती शेवटावरूनच काढलेली असते. मधलं काहीही जुळेलच असं नाही. म्हणून शेवटचं वाक्य जुळलं एवढ्यावर कधीच विसंबू नका. मधली दोन-तीन वाक्यं ऐकून बघा.

सुहासकाका, तुमचं दुखणं वेगळं आहे. तासाचा फरक हा नुसता कॅमेऱ्याचा सुरुवातीचा टाइमकोड, तो वजा केलात ते बरोबर. उरलेली तूट मात्र सोडू नका. तुमचा कॅमेरा सेकंदाला 29.97 फ्रेम घेत असणार, आणि टाइमकोड मात्र 30 फ्रेम झाल्या की एक सेकंद पुढे सरकतो. खरा तास उलटला तेव्हा तो 00:59:56:12 च दाखवतो, म्हणजे 3.6 सेकंद मागे. इथे वेग बदलत नाही, त्यामुळे तूट पहिल्यापासून सारख्या चालीने वाढते: दहा मिनिटांना 0.6 सेकंद. एक तास वजा करून उरलेल्या वेळेला 1.001 ने गुणा, जुळेल. मात्र सेकंद आणि फ्रेम यांच्यामध्ये अर्धविराम दिसत असेल तर गुणू नका. तो ड्रॉप फ्रेम टाइमकोड, त्यात प्रत्येक दहावं मिनिट सोडून दर मिनिटाला दोन क्रमांक गाळून ही तूट आधीच भरून काढलेली असते. फ्रेम गळत नाहीत, फक्त क्रमांक गळतात.

विद्या

प्रेषक: मंदार

पटलं, ताई. मग मी फाइल एकसारख्या 30 ची करून देतो?

```
ffmpeg -i mulakhat1.mp4 -fps_mode cfr -r 30 -c:a copy mulakhat1_30.mp4
```

प्रेषक: विद्याताई

पुढच्या मुलाखतींसाठी जरूर कर, आणि लेखन सुरू होण्याआधी कर. या मुलाखतीला मात्र त्याचा उपयोग नाही. टिपलेले क्रमांक जुन्या फाइलचे आहेत. नव्या फाइलमध्ये अंधाराच्या भागात काही फ्रेम दोनदा येतील आणि तिथून पुढचे क्रमांक सगळे सरकतील.

अनघा, तिघांचं काम वाया गेलेलं नाही. मूळ फाइलमधून प्रत्येक फ्रेमची खरी वेळ काढून घे.

```
ffprobe -v error -select_streams v:0 -show_entries frame=pts_time -of csv=p=0 mulakhat1.mp4 > vela.txt
```

एका ओळीत एका फ्रेमची वेळ येईल. पहिली ओळ क्रमांक 0 च्या फ्रेमची. तक्त्यात भागाकार काढून टाक आणि क्रमांकासमोर या यादीतली वेळ लाव.

प्रेषक: अनघा

ताई, आधी घाईत मी `frame` च्या जागी `packet` लिहिलं, तर वेळा मागेपुढे उड्या मारत आल्या.

प्रेषक: विद्याताई

पॅकेट ज्या क्रमाने साठवलेली असतात त्या क्रमाने येतात, आणि तो क्रम दाखवायच्या क्रमापेक्षा वेगळा असू शकतो. `frame` च ठेव.

प्रेषक: अनघा

जुळलं! क्रमांक 59,400 ची फ्रेम, जी आधी 33:00 ला पडली होती, ती आता 35:00 ला आली. मधली आठ वाक्यं ऐकून बघितली, सगळी जागच्या जागी आहेत. तिघांनाही आत्ताच फोन करून सांगितलं.

प्रेषक: मंदार

अजून एक. तिसऱ्या मुलाखतीचा आवाज आपण वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलाय. सुरुवातीची टाळी फोनच्या आवाजाशी लावली, पण तासाच्या शेवटी दोन आवाजांत साधारण पाव सेकंदाचा फरक पडतो. मी मधेच एका शांत जागी कापून सरकवणार आहे.

प्रेषक: विद्याताई

कापू नकोस. दोन यंत्रांची दोन घड्याळं, ती थोडी वेगळी चालतातच, आणि फरक पहिल्या मिनिटापासून साठत आलेला असतो. मधे कापलंस तर कापाच्या आधीचा भाग चुकलेलाच राहील आणि नंतरचा पुन्हा सरकत जाईल. पूर्ण आवाज किंचित ताणावा किंवा आवळावा लागेल. किती, ते शेवटी दुसरी टाळी वाजवली असेल तर नीट मोजता येईल. वाजवली होती का?

प्रेषक: मंदार

नाही. शेवटी दार बंद झाल्याचा आवाज मात्र दोन्हींत आहे. तो धरून मोजतो आणि रात्री कळवतो.